जागा नाकारताना: मंगळवार पेठेतल्या एका माडीची हकीकत

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराची माडी भाड्याने द्यायचे ठरले, तेव्हा भाडे किती सांगावे, अनामत किती घ्यावी आणि करार कुठे करावा हे सांगणारी माणसे पुष्कळ भेटली. आलेल्या माणसाला जागा द्यायची नसेल तर त्याला ते कोणत्या शब्दांत सांगावे, हे मात्र कोणी सांगितले नाही. एका जागेसाठी बरीच माणसे येतात आणि जागा एकालाच मिळते, त्यामुळे घरमालकाला होकारापेक्षा नकारच जास्त वेळा द्यावा लागतो. त्यांपैकी एक नकार मला फार विचार करून द्यावा लागला. त्याची ही हकीकत आहे. यात येणाऱ्या कुटुंबाची नावे मी बदलली आहेत.

आधी घराबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आमचे घर दुमजली आहे, पण वरचा मजला स्लॅबचा नाही, तक्तपोशीचा आहे. सागवानी तुळया आणि त्यांवर फळ्या. वर कोणी पाट सरकवला तरी खालच्या खोलीत तो कुठून कुठे गेला ते कळते. माडीच्या पुढच्या खोलीच्या बरोबर खाली माझ्या सासूबाईंची खोली आहे. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्या अंथरुणावरच असतात, त्यांची झोप अतिशय हलकी आहे आणि दुपारी थोडी, रात्री थोडी अशी तुकड्यातुकड्यांनी ती पुरी होते. माडीवर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या बाजूला न्हाणीघर-संडास आहे. जिना बाहेरून, बोळातून आहे. भाडे साडेसात हजार आणि अनामत तीस हजार असे आम्ही ठरवले होते.

दारावर पाटी लावण्यापूर्वी मी आमच्या अटी एका कागदावर लिहून काढल्या होत्या. जागा फक्त राहण्यासाठी मिळेल, तिथे व्यवसाय, शिकवणी किंवा मेस चालवता येणार नाही. रात्री दहानंतर वर आवाज होऊ नये. बोळात दोनपेक्षा जास्त दुचाकी लावता येणार नाहीत. करार अकरा महिन्यांचा आणि नोंदणीकृत असेल, आणि अनामत किल्ली देण्यापूर्वी पूर्ण मिळावी. माणूस समोर येण्याच्या आधी अटी कागदावर असल्या पाहिजेत, असे माझे पहिल्यापासून मत होते. माणूस पाहून झाल्यावर सुचलेली अट बहुतेक वेळा त्या माणसासाठीच सुचलेली असते. आपण स्वतःला ती सर्वांसाठीची अट आहे असे कितीही पटवले, तरी समोरच्याला ते जाणवल्याशिवाय राहत नाही.

सुरुवातीला आलेले काही जण सहज मागे पडले. एका कुटुंबाकडे चारचाकी होती आणि बोळात ती शिरतच नव्हती. दहावीचे वर्ग घेणारे एक शिक्षक आले होते. आमच्याच पै-पाहुण्यांच्या ओळखीतले होते, सज्जन होते आणि भाडेही पाचशे जास्त द्यायला तयार होते. पण संध्याकाळी पंधरा-वीस मुले त्या जिन्यावरून चढणार आणि सासूबाईंच्या डोक्यावर दोन तास बसणार, हे जमणारे नव्हते. मी त्यांना कागदावरची पहिली अट वाचून दाखवली आणि शिकवणीची जागा दुसरीकडे घेत असाल तर राहायला अवश्य या, असे सांगितले. त्यांना राहण्यापेक्षा शिकवणीसाठीच जागा हवी होती, त्यामुळे विषय तिथे संपला. हा नकार मी त्या वेळी फारसा मनात ठेवला नाही. पुढे मात्र तो मला फार उपयोगी पडला.

इरफान आणि शबाना त्यानंतरच्या रविवारी एजंटाबरोबर आले. इरफान गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ऑपरेटर होता. शबाना ब्लाउज आणि ड्रेस शिवत असे. त्यांना एक लहान मुलगी होती. आधीच्या घराचा मालक ते घर पाडून नवे बांधणार होता, म्हणून महिनाअखेरीपर्यंत त्यांना जागा सोडायची होती. दोघांनी जिना, पाणी, वीज, गॅसची सोय असे सगळे नीट पाहिले. बोलणे स्वच्छ होते. आधीच्या मालकाचा फोन नंबर त्यांनी आपणहून दिला, नोंदणीकृत कराराला आणि पोलीस पडताळणीला त्यांची काहीच हरकत नव्हती. मग शबाना पुढच्या खोलीत उभी राहून खिडकीकडे पाहत म्हणाली, ‘‘काकू, उजेड चांगलाय. इथं माझ्या मशिनी बसतील.’’ मी किती मशिनी आहेत असे विचारले. मोटारीवर चालणाऱ्या दोन शिलाई मशिनी, एक ओव्हरलॉक, आणि लग्नसराईत मदतीला येणारी एक मुलगी, असे तिने सांगितले. लग्नसराईत रात्री बारापर्यंत काम चालते, हेही तिने लपवले नाही.

मी त्यांना चहा दिला, कागदावरच्या अटी वाचून दाखवल्या आणि मला याचा विचार करावा लागेल, उद्या संध्याकाळी मी स्वतः फोन करीन, असे सांगितले. आधारकार्डाच्या प्रती एजंटाने लगेच पुढे केल्या, पण मी त्या ठेवून घेतल्या नाहीत, आणि टोकन म्हणून इरफानने काढलेली रक्कमही घेतली नाही. निर्णय झालेला नसताना कागद आणि पैसे घेतले, की समोरचा माणूस जागा मिळाली असे धरून चालतो आणि दुसऱ्या जागा पाहायचे थांबतो. ज्याला महिनाअखेरीला घर सोडायचे आहे त्याच्यासाठी असे चार दिवस वाया जाणे फार महाग पडते.

ते गेल्यावर एजंट मागे थांबला. ‘‘वहिनी, मशिनीचं वगैरे काय सांगत बसू नका. भाऊ गावाकडनं राहायला येणार आहे म्हणून सांगतो मी. त्यांना सवय असते,’’ असे तो म्हणाला. शेजारच्या बाईंनीही कठड्यावरून मला विचारले, की तुम्ही त्यांना देणार आहात का, आपल्या गल्लीत अजून कोणी दिलेली नाही. या दोन्ही वाक्यांनी माझ्यासमोरचा प्रश्न एकदम वेगळा झाला. मशिनींमुळे जागा देता येणार नाही हे खरे होते. पण मी काहीही सांगितले तरी इरफान-शबानाला ऐकू येणार होते ते दुसरेच, कारण ‘त्यांना सवय असते’ यातली सवय खोटी कारणे ऐकण्याचीच होती. खरे कारण असूनही ते सबब वाटेल, अशी ही परिस्थिती होती.

एजंट सुचवत होता ती भावाची सबब मला दोन कारणांनी नको होती. पहिले म्हणजे ती दुसऱ्या दिवशीच उघडी पडते. दारावरची पाटी तशीच असते, आठवड्याने वर दुसरेच कुटुंब कपडे वाळत घालताना दिसते आणि मंगळवार पेठेसारख्या भागात ज्याला नाकारले तो माणूस आपल्याला भाजी घेताना, देवळासमोर, दवाखान्यात कुठेही भेटतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. खोट्या कारणावर समोरच्याला काहीच करता येत नाही. भाऊ येणार म्हटल्यावर तो काय बोलणार? खरे कारण असेल तर त्याला त्यावर विचार करता येतो, तडजोड सुचवता येते, आपली सोय दुसरीकडे लावून परत येता येते. म्हणून मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: मी सांगणार आहे ती अडचण यांनी उद्या दूर केली, तर मी किल्ली देणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल तरच ते कारण सांगायचा मला अधिकार होता. उत्तर ‘नाही, मग मी दुसरे काहीतरी काढीन’ असे असते, तर मशिनीचे कारण हेसुद्धा भावाच्या सबबीसारखेच ठरले असते.

याचे उत्तर देण्यापूर्वी मी कारणच तपासून पाहिले. माझी स्वतःची मोटारीची शिलाई मशीन आहे. यजमानांनी ती उचलून माडीवर नेली, पुढच्या खोलीत ठेवली आणि मी खाली सासूबाईंच्या खाटेजवळ बसले. त्यांनी वर एक जुनी चादर घेऊन सरळ टीप मारायला सुरुवात केली. खाली आवाज यायचा तो मोटारीचा नव्हता, फळ्यांचा होता. बारीक, सतत, दात शिवशिवल्यासारखा. मशीन थांबली की तोही थांबे. सासूबाईंनी डोळे उघडून ‘‘वर काय चाललंय?’’ असे विचारले. मशीनखाली रबरी चटई घालून पुन्हा चालवली तेव्हा आवाज कमी झाला, पण तुळईवर हात ठेवला तर थरथर जाणवत होती. मशीन मागच्या खोलीत नेली तेव्हा मात्र खाली जवळजवळ काही ऐकू आले नाही. म्हणजे एक मशीन, मागच्या खोलीत, चटईवर, दिवसा चालू शकली असती. दोन मशिनी आणि ओव्हरलॉक, तेही रात्री बारापर्यंत, हे शक्य नव्हते. या तपासणीमुळे मला नकाराची नेमकी हद्द कळली, आणि नकाराची हद्द कळणे म्हणजे होकार कुठपर्यंत देता येईल हेही कळणे.

याच वेळी आणखी एक कारण माझ्या हाताशी होते, ते मी मुद्दाम बाजूला ठेवले. घरगुती मीटरवर व्यवसाय केला तर वीज कंपनी दंड करते, असे यजमान म्हणाले. हे अगदीच निराधार नाही, पण घराच्या एका भागात लहानसा व्यवसाय करणाऱ्याचा वीजवापर ठरलेल्या मर्यादेत असेल तर त्याला घरगुती दरच लागू होतो, हे मी आमच्या ओळखीतल्या एका वायरमनकडून समजून घेतले. तेव्हा ते कारण कायद्याचे आणि वजनदार वाटले तरी खरे अडसर नव्हते. नकार देताना माणसाला वाटते की चार कारणे सांगितली तर नकार पक्का होतो. प्रत्यक्षात ऐकणारा त्यांतले सर्वांत कच्चे कारण पकडतो आणि त्यावरून बाकीची तीनही सबबी आहेत असे समजतो, आणि त्याचे समजणे बरोबरही असू शकते. एकच कारण असेल तर एकच सांगावे.

कायद्याबद्दल मला जे समजले तेही इथे लिहिते, कारण या विषयावर गल्लीत फार ठाम आणि परस्परविरोधी बोलले जाते. आपले घर कोणाला भाड्याने द्यावे हे ठरवण्याची मोकळीक खाजगी घरमालकाला मोठ्या प्रमाणावर आहे. धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करू नये हे सांगणारे राज्यघटनेचे पंधरावे कलम मुख्यतः शासनाला बांधून घेते. पण ‘माझे घर, माझी मर्जी’ हे वाक्य सर्वस्वी खरे नाही. एचआयव्ही बाधित व्यक्तींबाबतच्या २०१७ च्या कायद्यात आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१९ च्या कायद्यात, राहण्याची जागा भाड्याने घेण्याच्या बाबतीत भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा लोकांसमोर जातीवरून अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो, मग तो अपमान जागा नाकारताना जिन्यात केलेला का असेना. माझ्यापुरते म्हणायचे तर कायदा कुठे थांबतो हे मला केवळ माहितीसाठी हवे होते. ज्या शहरात १९०१ पासून शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला जागा आणि मदत दिली, कारण त्या मुलांना राहायला जागा मिळत नव्हती, त्या शहरात आडनाव ऐकून दार लावणे मला कमीपणाचे वाटते, कायदा काहीही म्हणो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला. एजंटाला मध्ये ठेवले नाही. एजंट आपल्या शब्दांत निरोप देतो आणि ‘मालकिणीला तुमचं जमत नाही म्हणतात’ एवढेच पोचवतो. त्यातून ऐकणाऱ्याने हवा तो अर्थ काढावा. इरफानने फोन उचलला आणि कामावर आहे म्हणून तो शबानाकडे फोन करायला म्हणाला. मी तिला जे बोलले ते जवळजवळ शब्दशः असे होते: ‘‘शबाना, मी माडीबद्दल सांगायला फोन केलाय. तुमच्या सगळ्या मशिनींसकट जागा मला देता येणार नाही. खाली सासूबाईंची खोली आहे, आणि वरची जमीन फळ्यांची आहे. माझी मशीन मी काल वर चालवून बघितली, खाली त्यांना जाग येते. मशिनींची सोय दुसरीकडे होत असेल तर जागा तुमची. बुधवारी रात्रीपर्यंत मी दुसऱ्या कोणाला शब्द देत नाही.’’

निर्णय मी पहिल्या दोन वाक्यांतच सांगितला. ‘तुम्ही फार चांगली माणसे आहात, पण’ अशी सुरुवात मी जाणूनबुजून केली नाही. ज्यांना अनेकदा नाकारले गेले आहे त्यांना ‘चांगली माणसे’ म्हटल्याबरोबर पुढचा ‘पण’ ऐकू येतो, शिवाय त्यात आपण त्यांचे चारित्र्य तपासून प्रमाणपत्र देत आहोत असा सूर असतो. आणखी एक वाक्य टाळायचे मी पक्के ठरवले होते, ते म्हणजे ‘तुम्हाला अमुक भागात जागा बघितलीत तर सोयीचं पडेल’. हे वाक्य पुष्कळदा खरोखर मदतीच्या भावनेने म्हटले जाते. पण ‘तुमच्या लोकांत राहा’ याशिवाय त्यातून दुसरे काही ऐकू येत नाही. माझी मुलगी पुण्यात नोकरीला लागली तेव्हा एका मालकीणबाईंनी तिला ‘मुलींसाठी हॉस्टेल बरं पडतं’ असे सांगितले होते. त्या बाईंचा हेतू वाईट नसेलही, पण मुलीने ते वाक्य मला फोनवर ज्या आवाजात सांगितले तो आवाज मी विसरलेले नाही.

शबाना क्षणभर गप्प राहिली. मग तिने सरळ विचारले, ‘‘काकू, खरं सांगा. नावामुळं नाही ना?’’

या प्रश्नाची मला कल्पना होती. ‘छे, छे, आम्ही तसले नाही’ असे उत्तर मी देणार नव्हते, कारण मी कशी आहे हा प्रश्नच नव्हता आणि तसे म्हणणारे सगळेच असतात. मी म्हणाले, ‘‘तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. नाही, नावामुळं नाही. तुमच्या आधी एक शिकवणीवाले सर आले होते, त्यांनाही मी हेच सांगितलं. मशिनी वर नसतील तर परवा या, करार करून टाकू.’’ शिक्षकांचा दाखला खरा होता आणि त्यांना आम्ही नेमके याच अटीवर नाकारले होते, त्यामुळे माझ्या शब्दाला आधार मिळाला. समजा त्या सरांना आम्ही ओळखीचे म्हणून माडी दिली असती, तर शबानाच्या प्रश्नाला माझ्याजवळ प्रामाणिक उत्तर उरले नसते.

ती म्हणाली, ‘‘रात्री ह्यांच्याशी बोलते आणि सांगते.’’ मंगळवारी संध्याकाळी दोघेही आले. त्यांनी जवळपास एका दुकानगाळ्याची चौकशी केली होती, पण त्याचे भाडे आणि अनामत मिळून माडीच्या भाड्याइतकाच बोजा पडत होता. इरफानने विचारले, निदान मशिनी फक्त दिवसा चालवल्या तर? मी त्यांना मागच्या खोलीत नेले आणि तपासून पाहिलेले सांगितले: एक मशीन, या खोलीत, चटईवर, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, एवढे मी करारात लिहून द्यायला तयार आहे. दुसरी मशीन आणि ओव्हरलॉक इथे बसवता येणार नाही. इरफानने स्वतः पायाने फळी दाबून पाहिली आणि तो कारखान्यातला माणूस असल्यामुळे त्याला ते लगेच कळले. ‘‘ओव्हरलॉकचा हादरा जास्त असतो,’’ असे तो स्वतःच म्हणाला. शबानाने हिशेब मांडला. एका मशिनीवर घर चालणार नव्हते, लग्नसराईतल्या रात्रीच्या कामावरच वर्षाची शिल्लक पडत होती. त्यांनी जागा घ्यायची नाही असे ठरवले. निर्णय त्यांनी घेतला. मला त्याचे वाईट वाटले, कारण भाडेकरू म्हणून ते मला मनापासून हवे होते, पण सासूबाईंच्या खोलीचा प्रश्न माझ्या हातातला नव्हता.

त्याच रात्री मी दोन ओळींचा निरोप लिहून पाठवला, म्हणजे तोंडी बोलण्यात पुढे कोणाचा गैरसमज राहू नये: ‘माडीची जागा मशिनींमुळे जमली नाही. एजंटाकडून आलेले तुमच्या कागदांचे फोटो मी काढून टाकले आहेत.’ हा दुसरा भाग आवश्यक होता, कारण मी प्रती घेतल्या नसल्या तरी एजंटाने त्यांच्या आधारकार्डाचे फोटो मला आधीच पाठवून ठेवले होते. नाकारलेल्या माणसाची ओळखपत्रे घरमालकाच्या फोनमध्ये राहण्याचे काहीही कारण नसते. एजंटालाही मी ते पुसायला सांगितले आणि कोणी विचारले तर ‘मशिनींमुळे जमले नाही’ याखेरीज दुसरे कारण सांगायचे नाही, असे बजावले. शबानाचे उत्तर आले, की तळमजल्यावरची फरशीची जागा कुठे कळली तर सांगा. तेवढे मी केले. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची मागच्या गल्लीत तळमजल्याची खोली होती. त्यांचा नंबर देण्यापूर्वी मी त्यांना कुटुंबाची माहिती नावासकट सांगून, चालेल का असे विचारून घेतले. तसे न विचारता पाठवले असते तर तिला आणखी एका दारात उभे करून नकार ऐकायला लावल्यासारखे झाले असते. त्या गृहस्थांची हरकत नव्हती. पुढे व्यवहार त्यांचा त्यांनी पाहिला.

शेजारच्या बाईंनी नंतर समाधानाने विचारले, ‘‘नाही दिली ना शेवटी?’’ मी त्यांना सांगितले, की मशिनी नसत्या तर दिली असती आणि पुढेही देईन. हे बोलणे मला त्यांच्याशी वाद घालण्यासाठी करावेसे वाटले नाही. गल्लीत चुकीचे कारण पसरले तर तेच इरफान-शबानाच्या कानावर जाते, आणि मग मी फोनवर बोललेले सगळे खोटे ठरते. म्हणून ते तिथल्या तिथे दुरुस्त करणे भाग होते.

बाकीचे नकार या मानाने साधे होते. ज्यांच्या आधी दुसऱ्याशी बोलणे पक्के झाले त्यांना ‘टोकन घेतले आहे’ एवढेच सांगितले, आणि ते टोकन घेतल्यानंतरच सांगितले. एक गृहस्थ मात्र असे आले की त्यांना जागा देऊ नये असे मला आतून वाटत होते आणि का ते सुरुवातीला सांगता येत नव्हते. अशा वेळी मी त्यांच्याबद्दल माझ्या मनात आलेल्या गोष्टी दोन बाजूंना वेगळ्या करून पाहिल्या. ते एकटे राहणार होते, मराठी अडखळत बोलत होते, कपडे मळके होते. यांपैकी एकही गोष्ट कारण होऊ शकत नव्हती. पण आधीच्या मालकाचा नंबर द्यायला त्यांनी नकार दिला होता आणि करार नोंदवण्याऐवजी साध्या स्टॅम्पपेपरवर करू असे पुन्हा पुन्हा म्हटले होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर असते. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरूने सांगितलेल्या अटीच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरल्या जातात. त्यांना मी एवढेच सांगितले, की नोंदणीशिवाय मला जागा देता येणार नाही, नोंदणीला तयार असाल तर पुन्हा बोलू. ते परत आले नाहीत.

माडी शेवटी सीपीआर रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेने आईसह घेतली. करारात राहण्यासाठीच्या वापराचे कलम आणि मागच्या खोलीत दिवसा एक शिलाई मशीन चालेल अशी ओळ, दोन्ही तशीच ठेवली, जी शबानासाठी लिहिणार होते. दोन महिन्यांनी परिचारिकेचा भाऊ तिथे राहायला येऊन पुढच्या खोलीत मोबाइल दुरुस्तीचे काम सुरू करू का, असे विचारायला खाली आला. त्याला मी कराराचे ते पान दाखवले, गिऱ्हाइकांची ये-जा त्या जिन्यावरून आणि त्या खोलीतून चालणार नाही असे सांगितले, आणि दुकान दुसरीकडे टाकून राहायला बहिणीकडे यायचे असेल तर पोलीस पडताळणीसाठी त्याचे कागद आणून द्यायला सांगितले.